अब्बा गेलेल्या मुलाला काय लिहावे?

आमच्या ओळखीच्या एका घरातली ही गोष्ट आहे. मुलगा सोळा वर्षांचा, दहावीत शिकणारा. अब्बांचा अचानक इंतकाल झाला. दफनाच्या रात्रीच त्याच्या मोबाईलवर साठ-सत्तर मेसेज येऊन पडले. बहुतेकांत एकच मजकूर होता: "सब्र कर, आता घरातला मोठा तूच. अम्मीला सांभाळ." त्याने एकालाही उत्तर दिले नाही. मुंबईच्या खालाने आम्हाला विचारले, "मी त्याला काय लिहू?"

"सब्र कर" हे शब्द मुळात चुकीचे नाहीत. पण हुकूम म्हणून आले की मुलाला त्यांचा अर्थ "रडू नकोस" असा लागतो. आपल्या लहानग्या इब्राहिमच्या वफातीवेळी नबी करीम (स.) यांच्या डोळ्यांत अश्रू आले होते, हे आपण मुलांना शिकवतो. मग त्यालाही रडू द्यावे. "आता मोठा तूच" हे वाक्य तर मुळीच लिहू नये. अम्मी इद्दतीत आहे, म्हणजे चार महिने दहा दिवस बाहेरची बरीचशी कामे तशीही त्याच्यावर येणार आहेत. "तुझे दुःख मला समजते" हेही टाळावे, कारण त्याचे अब्बा आपण गमावलेले नाहीत. तयार दुआंची चित्रे आणि फॉरवर्ड पाठवू नयेत. दुआ आपण करावी आणि केली एवढेच सांगावे.

खालाने शेवटी लिहिले ते असे: "बेटा, अब्बांची फार आठवण येते. मला स्टेशनवर घ्यायला यायचे तेव्हा माझी बॅग कधी उचलू देत नसत. त्यांच्यासाठी दुआ केली. उत्तर द्यायची गरज नाही. शुक्रवारी पुन्हा लिहीन." यात गेलेल्या माणसाचा उल्लेख आहे, एक खरी आठवण आहे आणि उत्तराचे ओझे नाही. "कसा आहेस?" हा प्रश्न त्यात नाही, कारण अशा वेळी मुलाला त्याचे उत्तर सापडत नाही.

"काही लागले तर सांग" असे लिहिले तर मूल सहसा काही सांगत नाही. काम नेमके विचारावे. खालाने चौथ्या दिवशी विचारले, "मृत्यूच्या दाखल्यासाठी मामू सोमवारी नगरपरिषदेत जातील. चालेल? फक्त हो किंवा नको लिही." त्यावर त्याचे पहिले उत्तर आले, "हो."

किती वेळा लिहावे? पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड, तेही दोन-तीन ओळींचे. त्यानंतर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. मेसेज वाचून त्याने उत्तर दिले नाही तर "का रे, रागावलास का?" असे विचारू नये. पुढच्या ठरलेल्या दिवशी पुन्हा लिहावे. चाळिसाव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते, मग येणे-जाणे थांबते. खरी गरज तिथून पुढे लागते, आणि नेमके तेव्हाच आपले मेसेजही बंद होतात. दहावीचा निकाल, पहिली ईद, अब्बांच्या वफातीचा दिवस या तारखा कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवाव्यात. ईदच्या दिवशी नुसते "ईद मुबारक" न लिहिता "आज अब्बांशिवाय नमाजला जाणे जड गेले असेल" एवढी एक ओळ जोडावी.

या वयात दुःख सलग दिसत नाही. मूल सकाळी क्रिकेट खेळते, हसरे स्टेटस ठेवते आणि रात्री एक वाजता "झोप येत नाही" असे लिहिते. त्या हसण्यावर टोमणा मारू नये. रात्रीचा मेसेज सकाळी दिसला तरी "आत्ताच वाचले. रात्री काय आठवत होते?" असे जरूर विचारावे.

मात्र मेसेजची मर्यादा ओळखली पाहिजे. मूल आठवडेच्या आठवडे शाळेत गेले नाही, जेवण-झोप सुटली, आवडीच्या वस्तू वाटू लागले किंवा "मलाही अब्बांकडे जायचे आहे" असे लिहिले, तर टाइप करत बसू नये. लगेच फोन करावा आणि स्पष्ट विचारावे, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असे विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. उत्तर हो आले तर त्याला एकटे ठेवू नये. जवळच्या मोठ्या माणसाला तत्काळ त्याच्यापाशी पाठवावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो. "कुणाला सांगणार नाही" असे वचन मात्र कधी देऊ नये.

तिसऱ्या महिन्यात त्या मुलाने खालाला आपणहून लिहिले, "अब्बा तुमची बॅग का उचलायचे, माहीत आहे? तुम्ही त्यात माझ्यासाठी खारी आणायचात." त्या दिवशी दोघे पाऊण तास फोनवर बोलले.