गाडी मरहूमांच्या नावावर, मुदत आपल्यावर

घरातला कर्ता माणूस गेला की त्याची मोटारसायकल पोर्चमध्ये उभी राहते, आणि चार दिवसांनी मुलगा तीच घेऊन बाजारात जातो. कागदावर मात्र मालक मरहूमच असतात. अशा गाडीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 56 आहे.

समजा, अकोल्यात 5 जूनला अब्बांचा इंतिकाल झाला. गाडी ज्याच्या ताब्यात आली, त्याने 30 दिवसांत, म्हणजे 5 जुलैपर्यंत, गाडी नोंदलेल्या आरटीओला मृत्यूची आणि गाडी आपण वापरणार असल्याची लेखी खबर द्यावी. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. ही खबर दिली, तरच तीन महिने गाडी वापरता येते. त्याच तीन महिन्यांत, 5 सप्टेंबरच्या आत, नमुना 31 भरून नाव बदलायचे. सोबत मृत्यू दाखला, आरसी आणि विम्याचा कागद द्यावा लागतो. वारस अनेक असतील तर बाकीच्यांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्रही मागतात. कर्ज असेल तर आधी बँकेशी बोलावे.

आपल्या घरांत अडते ते इथेच. अम्मीची इद्दत चार महिने दहा दिवस, म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालते. ‘इद्दत संपू दे, मग पाहू’ म्हटले तर दोन्ही मुदती निघून जातात. म्हणून अर्ज मुलाच्या नावे करायचा असेल, तर अम्मीच्या प्रतिज्ञापत्राची सोय घरीच करावी आणि कचेरीत मुलाने जावे. गाडी अम्मीच्याच नावे करायची असेल, तर बाहेर पडण्याबाबत आलिमांना वेळीच विचारावे.

विम्याचेही असेच आहे. मालक गेल्यावर वाहन विमा तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत संपेपर्यंत, यांत जे आधी येईल तोवर चालतो. तेवढ्यात वारसाने तो आपल्या नावे करावा किंवा नवा घ्यावा. नाहीतर पुढे अपघात झाल्यास भरपाईचा बोजा घरावर येऊ शकतो.

दाखला घेताना नाव तपासा. आरसीवर ‘शे.’ आणि दाखल्यावर ‘शेख’, एकीकडे वडिलांचे नाव आहे तर दुसरीकडे नाही, एवढ्यानेही फाइल परत येते. आणि विक्रीचे नमुने 29 व 30 मागच्या तारखेने भरून मरहूमांची सही कोणी ठोकू नये. तो गुन्हा आहे.

शेवटची गोष्ट हिश्शाची. आरसी मुलाच्या नावे झाली, म्हणजे गाडी एकट्याची झाली असे नाही. नॉमिनीचेही तेच. कफन-दफन, कर्ज आणि वसियत वळती करून गाडीचे 48,000 रुपये उरले, आणि वारस बीवी, एक मुलगा व दोन मुली असतील, तर बीवीचा आठवा हिस्सा 6,000. उरलेल्या 42,000 पैकी मुलाचे 21,000 आणि प्रत्येक मुलीचे 10,500. बहिणींनी ना-हरकत दिली ती नाव बदलण्यासाठी. हक्क सोडल्याचे त्यांनी खुशीने सांगितले नसेल, तर त्यांचे पैसे भावाकडे देणे आहेत.