यशस्वी उपक्रमांचे अहवाल परत पाठवा

शिक्षकांच्या कृतिसंशोधनाचा जीव आपण परीक्षकांनीच घेतला आहे. पूर्वचाचणीची सरासरी कमी, उत्तरचाचणीची जास्त आणि शेवटी ‘उपक्रम यशस्वी झाला’ एवढे दिसले, की आपण गुण देऊन मोकळे होतो. कर्ट लेविन यांनी १९४६ साली कृतिसंशोधनाची पद्धत मांडली तेव्हा एका फेरीत जे कळेल त्यावर पुढच्या फेरीचे नियोजन बेतायचे, हाच तिचा कणा होता. आपण तो कणाच तपासत नाही.

हातकणंगले तालुक्यातल्या एका चौथीच्या वर्गाचा अहवाल माझ्याकडे आला होता. विषय हातच्याची वजाबाकी. पूर्वचाचणीत मुलांनी ४०३ − १७८ चे उत्तर ३७५ लिहिले होते. वरचा अंक असो की खालचा, मोठ्यातून लहान वजा करायचा, ही त्यांची रीत. बाईंनी काड्यांचे गठ्ठे सोडवून दशक सुटा करायला शिकवले. ५२ − २७ सारखी गणिते जमू लागली, सरासरी वाढली, अहवाल संपला.

मी परिशिष्टातल्या उत्तरपत्रिका पाहिल्या. ४०३ − १७८ चे उत्तर आता २७५ आले होते. मुलांनी शून्य ओलांडून शतकातून थेट एककाला हातचा दिला होता आणि दशकाच्या घरात पुन्हा सातातून शून्य वजा केले होते. चूक गेली नव्हती, तिने रूप बदलले होते. हे निरीक्षण बाईंच्या हातात होते, पण सरासरीने ते झाकले. दुसऱ्या फेरीत शंभराचा गठ्ठा सोडवून दहा दशक करायचे, त्यातला एक सुटा करायचा. मग ३ शतक, ९ दशक, १३ एकक दिसतात आणि उत्तर २२५ येते. ती फेरी झालीच नाही, कारण ती कोणी मागतच नाही.

म्हणून अहवाल हाती आला की आधी कोणत्या मुलाची कोणती चूक टिकली ते शोधा. कृती चालू असतानाच्या तारीखवार नोंदी मागा. शेवटी एका बैठकीत लिहिलेल्या नोंदी एकाच सुरात बोलतात, त्या लगेच ओळखू येतात. मग दुसरे नियोजन पहिल्यापेक्षा कुठे बदलले आणि कोणत्या नोंदीमुळे बदलले, ते बोट ठेवून दाखवायला सांगा. तसे दाखवता आले नाही, तर चिंतनाला शून्य गुण द्या. आणि एका वर्गावरून ‘सर्व शाळांनी हा उपक्रम राबवावा’ अशी शिफारस केली असेल, तर ती खोडा.

पहिली फेरी फसली असे पुराव्यासह लिहिणाऱ्या शिक्षकाला आज आपण कमी गुण देतो. त्यामुळेच फसलेले कोणी लिहीत नाही आणि ४०३ − १७८ चे उत्तर पाचवीतही २७५ येते. याचा दोष शिक्षकांचा कमी, आपल्या गुणपत्रकाचा जास्त आहे. ते गुणपत्रक आधी बदला.