दोन कुलुपं लावली, ताकद मात्र जवळपास तेवढीच

परवा एका अ‍ॅपच्या जाहिरातीत ‘डबल एन्क्रिप्शन’ वाचलं आणि मला जुनं डीईएस आठवलं. त्याची चावी ५६ बिटांची. दोन वेगळ्या चाव्या लावल्या, तर ११२ बिटांची ताकद मिळायला हवी ना? नाही मिळत, १९७७ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी ते दाखवलं.

समजा, हल्लेखोराकडे एक मूळ मेसेज आणि त्याचं दोनदा लॉक झालेलं रूप आहे. तो मूळ मेसेज सगळ्या २^५६ चाव्यांनी लॉक करून यादी ठेवतो. मग दुसऱ्या टोकाकडून, लॉक झालेलं रूप तितक्याच चाव्यांनी उघडून बघतो. मधे दोन्ही जुळले की चाव्यांची जोडी हाती! (योगायोगाने जुळलेल्या जोड्या दुसऱ्या मेसेजवर तपासून गाळतात.) इथे गुणाकार होतच नाही, बेरीज होते: २^५७. यादीला जागा मात्र अफाट लागते, हाच काय तो अडथळा. म्हणून तर डबल सोडून ट्रिपल डीईएस आलं. नव्या एन्क्रिप्शनसाठी तेही अमेरिकेच्या निस्टने २०२३ नंतर बंद केलं.