आठ पोरी गेल्या कुठं?

आज 3 जानेवारी. 1831 साली याच दिवशी सातारा जिल्ह्यातल्या नायगावात सावित्रीबाईंचा जन्म झाला. आज राज्यभर शाळांमध्ये बालिका दिन साजरा होईल, प्रतिमेला हार घातले जातील आणि भाषणे होतील. त्याच वेळी अनेक गावांत शिक्षक, कॉलेजातली मुलेमुली आणि महिला बचत गटांच्या कार्यकर्त्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेसाठी पथनाट्याची तयारी करत असतील. झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात किंवा ग्रामपंचायतीसमोर सभा भरते. त्याआधी दहा मिनिटे पथनाट्याला मिळतात. या पथनाट्याच्या सुरुवातीच्या गाण्याबद्दल आज लिहायचे आहे, कारण पुढचे सगळे त्या गाण्यावरच ठरते, आणि बहुतेक ठिकाणी तेच घाईघाईत उरकले जाते.

गाण्याने खेळ सुरू करण्याची रीत आपल्याकडे तमाशातून आली. आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि वग. सत्यशोधकांच्या जलशांनी हाच आराखडा घेतला आणि त्यात आपला विचार भरला. अण्णा भाऊ साठ्यांनी लोकनाट्यात गणातले गणेशस्तवन काढून तिथे मातृभूमीला वंदन ठेवले. आपला खेळ कोणाच्या बाजूचा आहे हे त्यांना पहिल्या ओळीतच सांगायचे होते. सावित्रीबाईंनाही पद्याची ताकद ठाऊक होती. त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह 1854 सालचा. भिडे वाड्यातली मुलींची शाळा सुरू होऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. वर्गात शिकवणारी बाईच शिकण्याची हाक देणारी पद्ये रचत होती.

आजच्या पथनाट्यांतले पहिले गाणे बहुधा असे असते: ज्ञानाची ज्योत, अज्ञानाचा अंधार, मुलगी म्हणजे दोन्ही घरची पणती, शिकवा हो शिकवा. यातला शब्दन् शब्द खरा आहे, तरी ग्रामसभेत ते चालत नाही. मुलीला शाळेत घालावे हे आता गावात कोणी नाकारत नाही. पहिलीच्या वर्गात मुली आहेत, चौथीत आहेत, बहुतेक गावांत सातवीतही आहेत. गळती तिथून पुढे लागते. गावातली जिल्हा परिषदेची शाळा संपते, हायस्कूल दुसऱ्या गावात असते, मुलगी वयात आलेली असते, आणि घरच्यांचा धीर सुटतो. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षणही चौदा वर्षांपर्यंतच आहे. ‘मुलीला शिकवा’ म्हटल्यावर समोरचा बाप मनात म्हणतो, सातवीपर्यंत शिकवली की. गाणे त्याच्यासाठी नाहीच, असे त्याला वाटते आणि तो शेजाऱ्याशी बोलायला लागतो.

म्हणून ग्रामसभेपुढच्या पथनाट्याच्या पहिल्या कडव्यात उपदेश नको, गावाचा हिशेब हवा. शाळेच्या हजेरीपटावरून मुख्याध्यापकांकडे एवढेच विचारायचे: गेल्या वर्षी सातवीत मुली किती होत्या, आणि त्यातल्या यंदा आठवीत किती आहेत? हायस्कूल दुसऱ्या गावात असेल तर तिथल्या बाईंना किंवा गुरुजींना फोन करून दुसरा आकडा मिळतो. समजा, वीस आणि बारा असे आकडे आले. मग गाणे असे होऊ शकते:

ऐका दादा, ऐका ताई,
हिशेबाची आहे घाई.
सातवीला वीस पोरी,
आठवीला बारा बाई!

आठ पोरी गेल्या कुठं?
आठ पोरी गेल्या कुठं?

शाळा भरते दहाला,
गाडी येते अकराला;
मधल्या त्या तासापायी
पोर मुकली शाळेला.

आठ पोरी गेल्या कुठं?
आठ पोरी गेल्या कुठं?

दोष नाही आईचा हो,
दोष नाही बापाचा हो,
गाडी कोण आणणार?
प्रश्न आहे गावाचा हो!

या रचनेत काव्य फारसे नाही आणि तसा दावाही नाही. पण ती कशी बांधली आहे ते पाहण्यासारखे आहे. ओळ आठ अक्षरांची आहे. ओवी-अभंगांमुळे आठ अक्षरांची सवय आपल्या कानाला आहे, आणि उघड्यावर माईकशिवाय ओरडून म्हणताना एवढी ओळ एका दमात बसते. बारा-चौदा अक्षरांची ओळ घेतली की शेवटचे शब्द वाऱ्यावर जातात आणि यमक ऐकूच येत नाही. तुमच्या गावचे आकडे वेगळे असतील. ‘वीस’च्या जागी ‘अठरा’ आले तर कागदावर एक अक्षर वाढेल. बोलताना आपण ‘अठ्-रा’ म्हणतो, त्यामुळे गाताना ते बसते. आकडा बसावा म्हणून तो बदलायचा मात्र नाही. सभेत शाळेचे शिक्षक असतात, पालक असतात. एक आकडा खोटा निघाला की सगळे पथनाट्य खोटे ठरते.

ध्रुवपद दोनदा घ्यायचे, त्यालाही कारण आहे. हलगी वाजते तेव्हा निम्मे लोक अजून वाटेवर असतात. बायका देवळाच्या कडेला किंवा शाळेच्या व्हरांड्यात मागे उभ्या असतात. पहिले कडवे त्यांच्यापर्यंत पोचत नाही. ध्रुवपद पुन्हा पुन्हा आले की उशिरा आलेल्यालाही चौकशी कशाची चालली आहे ते कळते. गाणाऱ्यांनी एका ओळीत उभे राहू नये. गोल करावा आणि दर ध्रुवपदाला एकाने मागच्या बायकांकडे तोंड करून म्हणावे. पहिली ओळ एकाने टाकायची, ध्रुवपद सगळ्यांनी उचलायचे. हलगी फक्त कडव्यांच्या मध्ये वाजवायची, शब्दांवर नाही. हे एवढे पाळले नाही म्हणून कितीतरी चांगली गाणी नुसत्या आवाजात बुडून गेलेली आहेत.

दुसरे कडवे सर्वांत मोलाचे आहे आणि तेच प्रत्येक गावात नव्याने लिहावे लागते. वर घेतलेले कारण एसटीच्या वेळेचे आहे. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींसाठी निळ्या गाड्याही धावतात. म्हणजे अशा गावात अडचण पैशाची नाही, तासाभराची आहे. दुसऱ्या गावात हायस्कूलच्या स्वच्छतागृहाला पाणी नसेल, आणि पाळीच्या चार दिवसांत घरी राहता राहता मुलगी कायमची घरी राहिली असेल. तिसऱ्या गावात वाटेवरच्या फाट्यावर टवाळ पोरे बसत असतील. कारण शोधायला त्या मुलींच्या आयांकडे जावे लागते, आणि तेही सभेच्या आधी, निवांत वेळी. गटातल्या एखाद्या बाईने भाकरी थापता थापता विचारलेले खरे निघते. वही-पेन घेऊन विचारले की ‘तिलाच नको होती शाळा’ हे उत्तर मिळते.

बीड आणि आसपासच्या ऊसतोडीच्या गावांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिथले मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ज्या घरांतल्या मुली शाळा सोडतात, तीच घरे 26 जानेवारीच्या ग्रामसभेच्या वेळी गावात नसतात. अशा गावात हे गाणे 15 ऑगस्टच्या सभेत झाले पाहिजे. मुलींना मागे ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृह हवे असेल तर त्याचा निर्णय गाडी भरण्याआधी व्हावा लागतो. जानेवारीत म्हटलेले गाणे त्यांच्या कामाचे नाही.

आता तिसरे कडवे. ‘दोष नाही बापाचा’ म्हणणे काहींना पटणार नाही. चौदाव्या वर्षी मुलीचे लग्न ठरवणाऱ्या बापाचा दोष नाही का, असे कोणी विचारेल. आहे, आणि अठराच्या आत लग्न लावणे हा गुन्हाही आहे. त्याला पथनाट्याच्या मधल्या भागात जागा असावी. पण पहिल्याच गाण्यात चारचौघांत बापाला उभे केले तर तो सभेतून उठून जातो आणि जाताना बायकोलाही घेऊन जातो. मग बोलायचे कोणाशी? त्याच कारणाने कुठल्याही मुलीचे नाव गाण्यात घेऊ नये. शाळा सोडलेल्या मुलीला गाण्यात उभे करू नये. छोट्या गावात एकदोनच मुली गळाल्या असतील तर आकडाही गाळावा, कारण तो आकडा म्हणजे नावच असते. तिथे नुसते कारण गावे.

गाणे जमले की नाही, हे टाळ्यांवरून कळत नाही. टाळ्या सगळ्यांनाच मिळतात. दुसऱ्या-तिसऱ्या ध्रुवपदाला मागच्या बायका ओठ हलवू लागल्या, कोणी बोटांवर मोजू लागले, एखाद्याने मध्येच ‘गाडी आधी वेळेवर होती, दोन वर्षांपासून बदलली’ असे ओरडून सांगितले, तर ते जमले. गाण्यात व्यत्यय आला म्हणून नाराज होऊ नये. त्याच क्षणी गाणे थांबवून त्याला बोलू द्यावे.

कारण ग्रामसभा म्हणजे प्रेक्षागृह नव्हे. तिला ठराव करण्याचा अधिकार आहे, आणि गाण्यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ठरावातच लिहिता येते: सकाळची फेरी सव्वा तास आधी सोडावी अशी मागणी आगार व्यवस्थापकांकडे, आणि ती होईपर्यंत हायस्कूलची वेळ पुढे न्यावी अशी विनंती शाळेकडे. एसटी हा ठराव मानेलच असे नाही. ठरावाची प्रत घेऊन आगारात दोनतीनदा खेटे घालावे लागतात, आणि त्यासाठी माणसे त्याच सभेत ठरली नाहीत तर ठराव इतिवृत्तात पडून राहतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत असे कायदा सांगतो. हे काम त्यांच्यापैकी दोघीतिघींच्या नावावर लिहून घ्यावे.

विषयपत्रिकेवर मुलींच्या गळतीचा विषय नसेल, तर गाणे संपताच सरपंच ‘छान झाले’ म्हणून पुढच्या विषयाकडे वळतील. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घ्यायची असते, तिथे हा विषय आधी मांडता येतो. तेव्हा पथनाट्य बसवणाऱ्या सर्वांना एवढेच सांगणे आहे: या आठवड्यात हजेरीपटावरचे दोन आकडे घ्या, चार घरी जाऊन कारण विचारा, आणि 19 जानेवारीच्या आत ग्रामपंचायतीत लेखी अर्ज देऊन विषय पत्रिकेवर आणा. चाल बसवायला त्यानंतरचा आठवडा पुरेल.