मूळ फोन आणि दाखला

आपल्या बमरोलीतील किती तरी सौदे आता व्हॉट्सअ‍ॅपवरच ठरतात. उधारी थकली की त्या संदेशांची छापील प्रत वकिलांच्या हाती देऊन आपण निश्चिंत होतो; परंतु दाखल्यावाचून ती प्रत पुरावा म्हणून स्वीकारली जात नाही. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हेच निश्चित केले. मालकाने मूळ फोनच साक्षीच्या वेळी हजर केला, तर मात्र दाखला लागत नाही. त्या प्रकरणात निवडणूक कार्यालयाने चित्रफितींचा दाखला मागूनही दिला नव्हता. असे झाल्यास न्यायालयाकडे अर्ज करून तो मागवावा, हा मार्ग तेथे स्पष्ट झाला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली दाखल्याचा नमुना दोन भागांचा झाला आहे. पहिला पक्षकाराने, दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा. त्यात नोंदीचे हॅश-मूल्य लिहितात. फाईलमधील एक अक्षर बदलले तरी ते जुळत नाही. छोट्या व्यापाऱ्यास तज्ज्ञाचा हा खर्च जाचक आहे, असे मला वाटते. तूर्त उपाय एवढाच, की येणे वसूल होईपर्यंत जुना फोन विकू नये.