विसंगती कोणाची?

दीर्घ कादंबरीत एखाद्या पात्राचे वय दोन ठिकाणी दोन तऱ्हांचे आढळले, की तेथे 'कालाचे विखंडन' वा 'अविश्वसनीय निवेदक' शोधण्याची एक वृत्ती आपल्या समीक्षेत रुजली आहे. संहितेतील प्रत्येक विसंगती अर्थगर्भच असते, हे या वृत्तीचे गृहीतक. ज्याने सहाशे पृष्ठांचे हस्तलिखित मुद्रणापूर्वी ओळ न् ओळ तपासले आहे, त्याला हे गृहीतक मान्य होणे कठीण आहे. पण सर्व विसंगती दोषच मानून परस्पर पुसून टाकणारा संपादकही याच चुकीची दुसरी बाजू होय. दोघेही एक प्रश्न टाळतात : हे विधान संहितेत कोणाचे आहे?

हा प्रश्न विचारण्याचे साधन म्हणजे संपादकाचा नोंदतक्ता. पहिल्या वाचनात काहीही दुरुस्त करायचे नसते. फक्त नोंदायचे असते. प्रकरण व परिच्छेद, व्यक्ती वा स्थळ, विधान जसे लिहिले आहे तसे, ते कोणाच्या तोंडी आहे, आणि त्यातून निघणारे वर्ष, असे पाच रकाने पुरतात. पृष्ठांक नोंदू नये, कारण लेखकाच्या पुढच्या फेरफारात तो बदलतो. 'त्यानंतर तीन वर्षांनी' यासारखा प्रत्येक शब्दप्रयोग लगेच वर्षात मांडावा. तसे केल्याखेरीज काळ तपासताच येत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका कादंबरीचे उदाहरण घेतो. तिसऱ्या प्रकरणात निवेदक सांगतो, की पानशेतचे धरण फुटले तेव्हा सुमन तेवीस वर्षांची होती. धरण फुटले १२ जुलै १९६१ रोजी. म्हणजे जन्म १९३८ च्या सुमाराचा. सातव्या प्रकरणात तिचे वडील पुराच्या आदल्या वर्षी वारतात. एकोणिसाव्यात, १९६२ साली, तेच वडील तिचे कन्यादान करतात. सव्विसाव्या प्रकरणात मालती नावाची स्त्री भावाला म्हणते, की पूर आला तेव्हा मी वीस वर्षांची होते. मालती म्हणजे सासरी नाव बदललेली सुमनच. सुमन व मालती यांच्या नोंदी तक्त्यात वेगळ्या राहिल्या असत्या, तर तेवीस आणि वीस हे आकडे कधी समोरासमोर आलेच नसते. विवाहित स्त्रीची माहेरची व सासरची नावे एकाच नोंदीखाली घ्यावी लागतात, ती यासाठी.

आता चौथा रकाना पाहावा. वडिलांविषयीची दोन्ही विधाने निवेदकाची आहेत. वयाविषयीचे एक निवेदकाचे, तर दुसरे पात्राचे. मी काहीही न बदलता दोन्ही स्थळे दाखवून लेखकाला दोन प्रश्न लिहिले. उत्तर आले, की पूर्वीच्या खर्ड्यात वडिलांचा मृत्यू बराच नंतर होता. तो प्रसंग अलीकडे आणला, पण लग्नाचे प्रकरण तसेच राहिले. कन्यादान काकांकडे गेले. वयाविषयी मात्र लेखकाने लिहिले, की ती तीन वर्षे मालतीला मोजायचीच नाहीत. तो 'वीस' तसाच राहिला.

माझ्या प्रतिपादनाचा कणा येथे आहे. वडिलांची चूक छापली गेली असती, तर मालतीची तीन वर्षे त्याच गलथानपणाच्या खाती जमा झाली असती. आणि उत्साही संपादकाने 'वीस'चे 'तेवीस' केले असते, तर ती नाहीशीच झाली असती. अर्थपूर्ण विसंगती ऐकू येण्यासाठी निरर्थक विसंगतींचा गोंगाट आधी थांबावा लागतो.

शुद्धलेखनालाही हाच निकष लागतो. निवेदनातील 'कांही' व 'नांव' यांवरचे अनुस्वार १९६२ च्या नियमांनुसार काढावेत. १९४० सालच्या पत्रातले मात्र ठेवावेत, आणि तो अपवाद तक्त्यात लिहून ठेवावा. संगणकाच्या शोधावर विसंबणाऱ्यांनी मराठीचे सामान्यरूप विसरू नये. 'आंबवडे' शोधल्यास 'आंबवड्यात' सापडत नाही; मग एखाद्या प्रकरणातले 'आंबोड्यात' कोण पकडणार?

तक्त्याला मर्यादा आहे. जे नोंदले नाही ते तो दाखवीत नाही, आणि पात्राच्या तोंडची प्रत्येक विसंगती हेतुपूर्वक असते असेही तो सिद्ध करीत नाही. तो केवळ प्रश्न नेमका करतो. लेखकाचा हेतू अर्थनिर्णयात अप्रस्तुत आहे, असा आक्षेप येईल. हेतू अंतिम प्रमाण नाही, हे मान्य. पण ज्या अक्षरांवर आपण अर्थ उभारतो ती खर्ड्यातून चुकून उरलेली आहेत की नाहीत, हा अर्थनिर्णयाचा नव्हे, पुराव्याचा प्रश्न आहे. म्हणून पुस्तक छापून होताच हे तक्ते रद्दीत घालण्याची प्रथा बंद व्हावी. ते लेखकाच्या उत्तरांसह जतन व्हावेत. आणि ते पाहण्याची संधी असूनही न पाहता विसंगतीवर सिद्धान्त रचणाऱ्याने आपण संहिता वाचली असे म्हणू नये.