बाळाच्या शीमध्ये रक्त? दुधाचा डबा स्वतःच बदलू नका

दोन महिन्यांच्या बाळाला पावडरचं दूध सुरू झालं. काही दिवसांतच शीमध्ये चिकट आव आणि रक्ताच्या रेघा दिसू लागल्या, गालांवर कोरडे लाल चट्टे उठले. घरातून पहिला सल्ला येतो तो शेळीच्या दुधाचा किंवा लॅक्टोज-फ्री पावडरचा. दोन्ही चुकीचे. ही अॅलर्जी दुधातल्या साखरेची नसून प्रथिनांची आहे. लॅक्टोज-फ्री पावडरमध्ये तीच प्रथिने असतात आणि शेळीच्या दुधातलीही त्यांच्याशी खूप मिळतीजुळती असतात.

बालरोगतज्ज्ञ सहसा प्रथिनांचे बारीक तुकडे केलेला, म्हणजे 'एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड' फॉर्म्युला २ ते ४ आठवडे देऊन पाहतात. त्रास तीव्र असेल, तर अमिनो आम्लांचा. बाळ अंगावर पीत असेल, तर ते तोडायचे नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने आईने दुधाचे पदार्थ थांबवायचे.

खरी गफलत पुढेच होते. बाळाला बरे वाटले की पालक तिथेच थांबतात. पण डॉक्टरांच्या देखरेखीत जुने दूध पुन्हा दिल्यावर त्रास परतला, तरच निदान पक्के होते. ही पायरी गाळली, तर बाळ विनाकारण महागड्या डब्यावर राहते. दूध पिताच ओठ सुजले किंवा धाप लागली, तर मात्र घरी प्रयोग नको, थेट रुग्णालय गाठा.